रेटिंगवरचा बोनस आणि अर्धंच वर्ष: हिशेब समजावणारा ईमेल नव्या टीम लीडनं कसा लिहावा

टीम लीड झाल्यावर पहिल्या वर्षी एक काम हमखास अंगावर येतं. एचआरकडून बोनसच्या आकड्यांचा तक्ता येतो आणि सोबत एक ओळ असते: ‘आपापल्या टीमला कळवावे.’ वर्षभर नोकरीत असलेल्यांना कळवणं सोपं. टार्गेट बोनस त्यांना पाठ असतो, रेटिंग माहीत असतं, गुणाकार ते स्वतःच करून बसलेले असतात. अवघड असतो तो वर्षाच्या मध्येच रुजू झालेल्या माणसाचा ईमेल. त्याच्या बोनसला दोन कात्र्या लागलेल्या असतात, एक दिवसांची आणि एक रेटिंगची. त्यातली कोणती कुठे लागली हे त्याला दिसत नाही. मग नुसता आकडा वाचून त्याला वाटतं की आपलं काम कमी लेखलं गेलं.

हा लेख त्या एकाच ईमेलबद्दल आहे. मी गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करते. आमच्याकडची निम्मी माणसं फोंडा, मडकई, शिरोडा भागातून कंपनीच्या बसनं येतात, आणि बोनसच्या महिन्यात त्या बसमध्ये सगळ्यांचे आकडे तोंडी फिरतात. त्यात काही गैर नाही. पण म्हणूनच ईमेल असा हवा की तो वाचणाऱ्याला कॅल्क्युलेटर हातात घेऊन, कुणालाही न विचारता, हातातल्या नेमणूकपत्रापासून बँकेत येणाऱ्या रकमेपर्यंत स्वतः पोचता यावं. बाकी सगळ्या सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

उदाहरणासाठी एक सहकारी घेऊ, तिला मेधा म्हणू. मेधा क्वालिटी विभागात 16 ऑगस्ट 2024 रोजी रुजू झाली. तिचा ठरलेला पगार वर्षाला 4,80,000 रुपये. टार्गेट बोनस त्याच्या 10 टक्के, म्हणजे 48,000. वर्षअखेरीला तिला 4 रेटिंग मिळालं. जानेवारीत तिची 9 दिवस बिनपगारी रजा झाली. नियम कंपनीगणिक वेगळे असतात. इथले नियम मी नेहमी दिसणाऱ्या पद्धतीचे धरले आहेत, तुमच्या कंपनीचे तुम्हाला तपासावे लागतील.

आधी स्वतः हिशेब करा, मग एचआरचा आकडा बघा

नवे लीड बहुतेक वेळा उलटं करतात. तक्त्यातला आकडा घेतात आणि तो कसा आला असेल याचं स्पष्टीकरण मागून जुळवतात. असं केलं की तक्त्यात चूक असली तरी तिचंही स्पष्टीकरण तयार होतं, आणि ते तुमच्या नावानं लेखी जातं.

हिशेबाला चार गोष्टी लागतात: नेमणूकपत्र, कंपनीचं बोनस धोरण, हजेरीचा किंवा पगारपत्रकाचा तपशील, आणि रेटिंगचं अंतिम पत्र. धोरण ऐकीव माहितीवर धरू नका, त्याचा कागद किंवा पीडीएफ मागून घ्या. ‘गेल्या वर्षी असं केलं होतं’ याला आधार म्हणत नाहीत.

पहिली पायरी: टक्के कशावर?

मेधाच्या नेमणूकपत्रावर सर्वात ठळक आकडा असतो सीटीसीचा. तिच्या बाबतीत तो 5,28,000 आहे, म्हणजे ठरलेला पगार 4,80,000 आणि पूर्ण टार्गेट बोनस 48,000 मिळून. ती घरी बसून हिशेब करेल तेव्हा साहजिकच 5,28,000 चे 10 टक्के काढेल आणि तिला 52,800 मिळतील. सुरुवातीलाच 4,800 रुपयांची तफावत पडली, आणि अजून दिवस किंवा रेटिंग यांपर्यंत आपण आलेलोही नाही.

म्हणून ईमेलमधल्या पहिल्या आकड्यापुढे तो कुठून घेतला ते लिहायचंच: ‘नेमणूकपत्रातला ठरलेला वार्षिक पगार’. काही ठिकाणी टक्के फक्त मूळ वेतनावर, म्हणजे बेसिकवर असतात. तिथं ही तफावत आणखी मोठी पडते.

वर्षाच्या मध्येच पगारवाढ झाली असेल तर धोरणात दोनपैकी एक वाट दिलेली असते. एक तर 31 मार्चचा पगार पूर्ण काळासाठी धरतात, नाहीतर वाढीआधीचे आणि वाढीनंतरचे दिवस वेगळे काढून दोन हिशेबांची बेरीज करतात. धोरणात काहीच लिहिलेलं नसेल तर स्वतः ठरवू नका, एचआरकडून लेखी उत्तर घ्या. मेधाच्या बाबतीत पगार बदललेला नाही.

दुसरी पायरी: दिवस

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

आर्थिक वर्ष 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025. त्याचे दिवस 365. 2024 हे लीप वर्ष होतं खरं, पण 29 फेब्रुवारी 2024 ही तारीख त्याच्या आधीच्या आर्थिक वर्षात पडली. त्यामुळे 2023-24 चे दिवस 366 होतात आणि 2024-25 चे 365. गेल्या वर्षीची शीट पुढे ओढली असेल तर भागाकारात 366 तसंच राहून गेलंय का, ते बघून घ्या.

मेधाचे दिवस मोजू. ऑगस्टमधले 16 तारखेपासून 31 पर्यंतचे 16. पुढे सप्टेंबर 30, ऑक्टोबर 31, नोव्हेंबर 30, डिसेंबर 31, जानेवारी 31, फेब्रुवारी 28, मार्च 31. बेरीज 228. शीटमध्ये दोन तारखांची नुसती वजाबाकी केली तर 227 येतात, कारण वजाबाकीत पहिला दिवस धरला जात नाही. माणूस त्या दिवशी कामावर होता, म्हणून एक मिळवायचा:

```
=DATE(2025,3,31)-DATE(2024,8,16)+1
```

आता रजा. रविवार, सणाच्या सुट्ट्या आणि पगारी रजा हे दिवस हिशेबात धरलेलेच असतात. वजा होतात ते फक्त बिनपगारी दिवस, आणि तेही धोरणात तसं म्हटलं असेल तरच. हे वाक्य ईमेलमध्ये स्पष्ट लिहा, कारण आपल्याकडे चतुर्थीला जोडून चार-पाच दिवसांची रजा जवळपास प्रत्येकजण घेतो आणि ‘त्याचेच पैसे कापले’ अशी शंका येतेच. मेधानंही चतुर्थीला रजा घेतली होती, पण ती पगारी होती. तिचा या हिशेबाशी काही संबंध नाही.

जानेवारीत मात्र तिची रजा शिल्लक संपली होती. 6 ते 14 जानेवारी 2025 या काळात ती बिनपगारी रजेवर होती. आमच्यासारख्या सहा दिवसांच्या आठवड्यात यात कामाचे दिवस 8 भरतात, आणि मधे 12 तारखेचा रविवार येतो. बिनपगारी रजेच्या मधे अडकलेली सुट्टी पकडायची की नाही हे रजेच्या नियमात असतं. बोनसच्या ईमेलमध्ये त्यावर चर्चा नको. तुम्ही एकच गोष्ट ताडून बघायची: जानेवारीच्या पगारपत्रकात किती दिवसांचा पगार कापला? तिथं 9 असेल तर बोनसमध्येही 9. तिथं 8 असेल आणि बोनसच्या तक्त्यात 9 असेल, तर तक्ता चुकलाय, ईमेल थांबवा. मेधाच्या पगारपत्रकात 9 आहेत.

228 मधून 9 गेले, उरले 219. आणि 219 भागिले 365 म्हणजे बरोबर 0.6.

इतका गोल आकडा रोज मिळत नाही. रजा झाली नसती तर 228 भागिले 365 हे 0.6247 च्या आसपास गेलं असतं. अशा वेळी मधेच 0.62 करून पुढे गेलात तर मेधाच्या बोनसमध्ये 268 रुपयांचा फरक पडतो. दशांश मधे कापायचे नाहीत. सगळा गुणाकार-भागाकार झाल्यावर शेवटी एकदाच रुपयात पूर्णांक करायचा.

तिसरी पायरी: रेटिंग

समजा धोरणात रेटिंग 5 ला दीडपट, 4 ला 1.2 पट, 3 ला एकपट, 2 ला अर्धा आणि 1 ला शून्य असं कोष्टक आहे. मेधाला 4 मिळालं म्हणून 1.2.

48,000 गुणिले 219 भागिले 365 झाले 28,800. त्याला 1.2 नं गुणलं की 34,560.

गुणाकार इथे संपला, पण समजावणं अजून बाकी आहे. मध्येच रुजू झालेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न असतो, जो तो बहुधा विचारत नाही: ‘मी कमी महिने होते म्हणून मला 5 च्या ऐवजी 4 दिलं का?’ तसं झालं असेल तर ते चूकच आहे. कमी काळाचा परिणाम दिवसांच्या गुणोत्तरात एकदा झालेला असतो. त्यासाठीच रेटिंगही खाली आणलं तर एकाच कारणासाठी दोनदा कापलं. लीड म्हणून रेटिंग देताना हे पाळायचं, आणि ईमेलमध्ये एका वाक्यात सांगायचं की रेटिंग तिनं हजर असताना केलेल्या कामाचं आहे, महिन्यांच्या संख्येचं नाही. हे वाक्य खरं नसेल तर लिहू नका. आधी रेटिंगचा प्रश्न वरिष्ठांकडे न्या.

रेटिंग योग्य की अयोग्य हा वाद या ईमेलमध्ये आणायचा नाही. त्यासाठी मूल्यमापनाची बैठक असते. इथे रेटिंग फक्त एक आकडा म्हणून येतं, सोबत ते कोणत्या पत्रानं कळवलं त्या पत्राची तारीख.

काही कंपन्यांत आणखी एक गुणक असतो, कंपनीच्या वर्षाच्या कामगिरीचा. तुमच्याकडे असेल तर तो रेटिंगनंतर वेगळ्या ओळीत लिहा. रेटिंगच्या गुणकात मिसळून 1.2 च्या जागी 1.08 लिहिलंत तर वाचणारा कोष्टक उघडेल आणि त्याला 1.08 कुठेच सापडणार नाही.

चौथी पायरी: एचआरच्या आकड्याशी ताडणं

आपला आकडा 34,560. आता तक्ता उघडला, आणि मेधापुढे 33,600 लिहिलेलं दिसलं. 960 रुपयांचा फरक. हे कुठून आलं?

याचा शोध उलट्या भागाकारानं लागतो. मेधाचा पूर्ण वर्षाचा, रेटिंगसकट बोनस 48,000 गुणिले 1.2, म्हणजे 57,600. तक्त्यातल्या रकमेला यानं भागायचं: 33,600 भागिले 57,600 म्हणजे 0.5833. हा दिवसांचा हिशेब असेल तर 365 नं गुणल्यावर पूर्ण संख्या यायला हवी. येतात 212.9. म्हणजे दिवसांनी काढलेलं नाही. आता 12 नं गुणून बघा: बरोबर 7. उलगडा झाला. कुणीतरी पूर्ण भरलेले महिने मोजलेत, सप्टेंबर ते मार्च. ऑगस्टचे 16 दिवस सोडून दिले आणि बिनपगारी रजाही वजा केली नाही.

महिन्यांनी मोजणं ही मुळात चुकीची पद्धत नाही, कित्येक कंपन्या तशीच मोजतात. पण धोरणात दिवस लिहिले असतील तर दिवसच मोजायचे. अशा वेळी एचआरला पाठवायचा निरोप छोटा ठेवा: धोरणाचं कलम, तुमची एक ओळ, त्यांच्या आकड्यातून निघालेले 7 महिने. ‘आकडा चुकलाय, तपासा’ एवढंच पाठवलंत तर तीच शीट पुन्हा तपासून ‘बरोबर आहे’ असं उत्तर येतं. कारण शीट सूत्राप्रमाणे बरोबरच चाललेली असते, चूक सूत्रात असते.

दुरुस्त आकडा लेखी हातात येईपर्यंत मेधाला काही पाठवू नका. तोंडी ‘पस्तीसच्या आसपास’ असंही सांगू नका. एकदा कानावर पडलेला आकडा पुढच्या प्रत्येक आकड्याला कमी ठरवतो.

ईमेल

तुमच्या ऑफिसात ईमेल इंग्रजीत जात असतील तर इंग्रजीत लिहा, मांडणी हीच ठेवा. मराठीत लिहिणार असाल तर ज्या माणसाशी रोज जसं बोलता तसं लिहा. रोज ‘मेधा, तो रिपोर्ट झाला का गं?’ असं विचारणारी लीड एकदम ‘आपणांस कळविण्यात येते की’ वर गेली की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मेधाला गेलेला ईमेल असा:

> विषय: 2024-25 चा परफॉर्मन्स बोनस, 34,560 रुपये: हिशेब
>
> मेधा,
>
> 2024-25 साठी तुझा परफॉर्मन्स बोनस 34,560 रुपये ठरला आहे. तो जूनच्या पगारासोबत खात्यात जमा होईल आणि पगारपत्रकात वेगळ्या ओळीत दिसेल. तू वर्षाच्या मध्ये रुजू झालीस, त्यामुळे आकडा कसा आला ते खाली सविस्तर देते.
>
> टार्गेट बोनस: नेमणूकपत्रातल्या तुझ्या ठरलेल्या वार्षिक पगाराच्या, म्हणजे 4,80,000 च्या 10 टक्के. पूर्ण वर्षासाठी 48,000 रुपये. (सीटीसीच्या 5,28,000 वर टक्के काढत नाहीत, कारण त्यात हा बोनस आधीच धरलेला आहे.)
>
> दिवस: 16 ऑगस्ट 2024 ते 31 मार्च 2025, दोन्ही तारखा धरून 228. यातून जानेवारीतली बिनपगारी रजा, पगारपत्रकाप्रमाणे 9 दिवस, वजा. उरले 219. वर्षाचे दिवस 365. चतुर्थीची तुझी रजा पगारी होती, ती वजा केलेली नाही. बिनपगारी दिवस वजा करण्याचा नियम बोनस धोरणात आहे, त्या पानाची प्रत सोबत जोडते.
>
> रेटिंग: 4, एप्रिलमधल्या मूल्यमापन पत्राप्रमाणे. धोरणातल्या कोष्टकात 4 ला 1.2 पट आहे. हे रेटिंग तू रुजू झाल्यापासूनच्या कामाचं आहे. महिने कमी होते म्हणून ते कमी केलेलं नाही.
>
> एका ओळीत: 48,000 × 219 ÷ 365 × 1.2 = 34,560
>
> पूर्ण वर्ष, याच रेटिंगवर, हाच बोनस 57,600 झाला असता.
>
> पगारपत्रकाशी दिवस एकदा ताडून बघ. काही वेगळं वाटलं तर 18 जूनपर्यंत मला सांग, म्हणजे जूनचा पगार बंद होण्याआधी दुरुस्ती करता येईल. भेटून बोलायचं असेल तर उद्या चारनंतर मी मोकळी आहे.

यातल्या काही ओळी का आहेत ते सांगते.

आकडा पहिल्याच वाक्यात आहे. स्पष्टीकरण आधी आणि आकडा शेवटी ठेवला की वाचणारा मधलं काही वाचत नाही, तो थेट खाली जातो आणि रक्कम बघून मग रागातच वर येतो.

‘अभिनंदन’ हा शब्द मी मुद्दाम टाकला नाही. 4 रेटिंगचं अभिनंदन मूल्यमापनाच्या दिवशीच व्हायला हवं. ज्या ईमेलमध्ये अपेक्षेपेक्षा कमी रक्कम कळवायची आहे, त्यात ते शब्द बोचतात.

जानेवारीची रजा कशासाठी होती हे मला माहीत होतं. घरचं माणूस बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात होतं. तरी ईमेलमध्ये फक्त दिवस आहेत. हा ईमेल एचआरच्या आणि अकाउंट्सच्या नजरेखालून जातो, तिथं घरच्या आजारपणाची नोंद राहायचं कारण नाही. सहानुभूती समोर बसून दाखवावी, आणि आधीच दाखवलेली असावी.

57,600 ची ओळ काही जणांना अनावश्यक वाटते. मला ती सगळ्यात उपयोगाची वाटते. पुढच्या वर्षी काय अपेक्षा ठेवायची हे तिच्यामुळे कळतं, आणि कमी पडलेल्या 23,040 रुपयांचं कारण फक्त दिवस आहेत, हेही तिथंच दिसतं.

टीममधल्या दुसऱ्या कुणाचं नाव, रक्कम किंवा सरासरी यात नाही. बसमध्ये काय बोललं जातं ते तुमच्या हातात नाही, पण तुमच्या ईमेलमधून एकाचा आकडा दुसऱ्याकडे जाता कामा नये.

आणि मुदतीची तारीख. प्रत्येक महिन्याचा पगार एका ठरलेल्या दिवशी बंद होतो, त्यानंतर दुरुस्ती पुढच्या महिन्यात जाते. अकाउंट्सला तो दिवस विचारा आणि त्याच्या दोन-तीन दिवस आधीची तारीख द्या.

उत्तरात येणारे प्रश्न

मेधाच्या जागी कुणीही असेल तर बहुधा तीन प्रश्न येतात.

पहिला रविवारचा: ‘मी तर आठच दिवस कामाला नव्हते.’ याला उत्तर देताना आकडा सांगा. एका दिवसाची किंमत 57,600 भागिले 365, म्हणजे सुमारे 158 रुपये. 8 दिवस धरले असते तर बोनस 34,718 झाला असता. नियम कोणता आणि कुठे लिहिला आहे ते दाखवा. सुट्टी मधे अडकल्यावर पकडणं तिला अन्यायाचं वाटत असेल, तर ते रजेच्या नियमाबद्दलचं म्हणणं आहे. ते वेगळं लिहून पुढे पाठवायचं आश्वासन द्या आणि खरोखर पाठवा.

दुसरा प्रश्न हातात येणाऱ्या रकमेचा. बोनस पगाराप्रमाणेच करपात्र उत्पन्न आहे. काम 2024-25 मधलं असलं तरी पैसे जून 2025 मध्ये मिळाले, म्हणून तो 2025-26 च्या उत्पन्नात धरला जातो. त्या वर्षी नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पगारदाराला कर पडत नाही, त्यामुळे मेधाच्या पगारावर टीडीएस कापला जायचं कारण दिसत नाही. ज्यांचं उत्पन्न त्याच्या वर आहे, त्यांचा बोनसच्या महिन्यात टीडीएस वाढलेला दिसतो आणि त्यांना वाटतं बोनसच कमी दिला. म्हणून ईमेलमधली रक्कम नेहमी कर कापण्याआधीची असते हे अशा माणसाला आधीच सांगून ठेवा. कराचा नेमका आकडा मात्र तुम्ही काढून देऊ नका. त्यानं कोणती करप्रणाली निवडली, आणखी काय उत्पन्न आहे, हे अकाउंट्सला माहीत असतं, तुम्हाला नसतं.

तिसरा प्रश्न गोव्यात हटकून येतो: ‘हा चतुर्थीचा बोनस का?’ आपल्याकडे कारखान्यात बोनस म्हटलं की चतुर्थीआधी मिळणारा, हेच डोक्यात असतं. तो बहुतेक वेळा कायद्यानं मिळणारा बोनस असतो. आपल्या उदाहरणाच्या वर्षी तो 1965 च्या बोनस कायद्याखाली होता. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना 21,000 रुपयांपर्यंत असलेल्यांना वर्षात किमान 30 दिवस काम केल्यावर तो मिळत होता. त्याचा दर किमान 8.33 टक्के आणि जास्तीत जास्त 20 टक्के होता. त्याला रेटिंगचा गुणक लागत नाही. मेधाचा पगार महिना 40,000. त्यातलं मूळ वेतन 21,000 च्या वर आहे असं धरू, म्हणजे ती त्या मर्यादेबाहेर आहे. तिच्यासाठी फक्त हा परफॉर्मन्स बोनस. पण तुमच्या टीममध्ये कायद्याच्या बोनसच्या मर्यादेतली माणसं असतील तर त्यांच्या ईमेलमध्ये ‘बोनस’ एवढाच शब्द कधीही वापरू नका. पूर्ण नाव लिहा, आणि चतुर्थीच्या बोनसचा हिशेब स्वतंत्र असतो ही ओळ जोडा. नाहीतर जूनमध्ये पैसे आले म्हणजे आता चतुर्थीला काही नाही, असा समज होऊन अख्खी शिफ्ट तुमच्या टेबलापाशी येते.

कधी एखादा प्रश्न असाही येतो ज्याचं उत्तर धोरणात सापडत नाही. नोकरीच्या मध्येच विभाग बदलला आणि दोन लीडनी दोन रेटिंगं दिली, किंवा प्रोबेशनचे महिने धरायचे की नाही हे लिहिलेलंच नाही. तिथं ‘बहुतेक असं असेल’ म्हणू नका. ‘हे मी एचआरला विचारलंय, गुरुवारपर्यंत उत्तर देते’ असं लिहा, आणि गुरुवारी उत्तर आलं नसलं तरी तेवढं कळवा.

पाठवल्यानंतर

तुमची हिशेबाची ओळ, धोरणाचं पान आणि एचआरचा दुरुस्त तक्ता एका फोल्डरमध्ये ठेवा. जूनचं पगारपत्रक निघालं की मेधाला तिच्या ओळीत 34,560 दिसतात का विचारा. तक्ता दुरुस्त झाला पण पगाराच्या प्रणालीत जुनाच आकडा चढला, असं होतं. 33,600 दिसले तर 960 रुपये जुलैच्या पगारात फरक म्हणून काढायला लावा, आणि ते कोणत्या नावाच्या ओळीत दिसतील ते तिला आधीच कळवून ठेवा.